हिशेबाची वही : मिठाईच्या बॉक्सची किंमत

भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस म्हणून दिवाळी जैन घरांत पूजेची, तशीच व्यापाऱ्यांकडे वहीपूजनाची. त्या निमित्ताने खामगाव, मलकापूर, चिखली येथील दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांना आणि नोकरवर्गाला मिठाईचे बॉक्स देतात. अलीकडे अशी मागणी घरगुती व्यवसाय करणाऱ्या भगिनींकडेही येऊ लागली आहे. मागणी आली की पहिला प्रश्न असतो, "बॉक्स कितीला?" येथे घाईने दिलेले उत्तर पुढे पंधरा दिवसांच्या श्रमाची किंमत ठरवते. हा हिशेब नीट कसा मांडावा, हे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे ठरेल. त्यातील भाव नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकीने आपल्या बाजारातील भाव घालावेत.

खामगावातील एक सासू-सून अशा शंभर बॉक्सची मागणी घेतात असे समजावे. बॉक्समध्ये निव्वळ ५०० ग्रॅम मिठाई असेल : ४० ग्रॅमचे पाच बेसन लाडू, १० ग्रॅमच्या पंधरा काजूकतल्या आणि २५ ग्रॅमच्या सहा खोबऱ्याच्या वड्या. कतलीला चांदीचा वर्ख लावायचा नाही, हे घरात आधीच ठरलेले.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक मिठाईचा किलोमागे खर्च काढणे. लाडवांसाठी एक किलो बेसन ११० रुपयांचे, अर्धा किलो साजूक तूप ३२० रुपयांचे, ८०० ग्रॅम पिठीसाखर ४० रुपयांची, १० ग्रॅम वेलची ३० रुपयांची आणि ५० ग्रॅम बेदाणे २० रुपयांचे. त्यात गॅसचे २० रुपये धरले की एकूण ५४० रुपये होतात. साहित्याचे वजन २ किलो ३६० ग्रॅम भरते. सुनेने ५४० ला २.३६ ने भागले आणि किलोचा खर्च २२९ रुपये लिहिला. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, घातले किती ते नको, डब्यात किती आले ते वजन कर." तयार लाडू २ किलो २५० ग्रॅम भरले. बेसन भाजताना त्यातील ओल उडते, थोडे मिश्रण कढईला आणि हाताला राहते. त्या वजनाने भागले की खरा खर्च निघतो किलोला २४० रुपये. भागाकार नेहमी तयार मालाच्या वजनाने करावा, हा येथील मूळ नियम.

काजूकतलीत ही घट निराळ्या रूपाने येते. एक किलो काजू, ६०० ग्रॅम साखर, थोडे तूप आणि गॅस मिळून ९७५ रुपये लागले. पण लाटून शंकरपाळ्याच्या आकारात कापताना कडा निघतात. बॉक्समध्ये ठेवण्याजोग्या कतल्या दीड किलोच मिळाल्या, म्हणून किलोचा खर्च ६५० रुपये. सुक्या खोबऱ्याच्या वडीचा खर्च याच रीतीने ३०० रुपये आला.

आता एका बॉक्समधील मिठाई : २०० ग्रॅम लाडवांचे ४८ रुपये, १५० ग्रॅम कतलीचे ९७ रुपये ५० पैसे आणि १५० ग्रॅम वडीचे ४५ रुपये. बेरीज १९० रुपये ५० पैसे. येथे एक गळती बहुतेकींच्या ध्यानात येत नाही. हाताने वळलेला लाडू नेमका ४० ग्रॅमचा होत नाही. कमी भरू नये म्हणून हात थोडा सैलच राहतो. दहा बॉक्स भरून वजन केले तर सरासरी ५१५ ग्रॅमच्या आसपास निघू शकते. हे तीन टक्के जास्तीचे वजन खर्चात धरले की मिठाईचा खर्च १९६ रुपये होतो.

बांधणीचा खर्च काढताना रिबनीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बॉक्स २० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि ५ उंच आहे. रिबन दोन्ही बाजूंनी आडवी-उभी गुंडाळायची तर एका दिशेने ५० आणि दुसऱ्या दिशेने ४० मिळून ९० सेंटिमीटर लागते. सुनेने येथेच थांबून २० मीटरच्या गुंडाळीतून २२ बॉक्स निघतील असे गृहीत धरले आणि शंभर बॉक्ससाठी पाच गुंडाळ्या सांगितल्या. पण वरच्या फुलाला आणि त्याच्या सुटत्या टोकांना आणखी ५० सेंटिमीटर हवेत. म्हणजे प्रत्येक बॉक्सला १४० सेंटिमीटर आणि एका गुंडाळीत फक्त १४ बॉक्स. उरलेला ४० सेंटिमीटरचा तुकडा वाया. शंभर बॉक्सना पाच नव्हे, आठ गुंडाळ्या लागतात. ऐन धनत्रयोदशीला त्याच रंगाच्या तीन गुंडाळ्या शोधत फिरण्यापेक्षा एक बॉक्स आधी बांधून, रिबन सोडून मोजून पाहणे बरे. गुंडाळी ७० रुपयांची असेल तर बॉक्समागे रिबनीचे ५ रुपये पडतात. पुठ्ठ्याचा बॉक्स २२ रुपये, लाडवांच्या कागदी वाट्या आणि बटर पेपर साडेचार रुपये, लेबल दीड रुपया धरून बांधणीचा खर्च ३३ रुपये झाला. व्यवसाय जीएसटी नोंदणीकृत नसेल तर या वस्तूंवर भरलेला कर परत मिळत नाही. म्हणून बिलातील करासह रक्कमच खर्च म्हणून लिहावी.

यानंतर श्रम. पन्नास किलो मिठाई करून भरण्यास दोघींचे पाच दिवस लागतात. या घरात सूर्यास्तानंतर शेगडी पेटत नाही आणि कार्तिकाच्या तोंडावर दिवस लहान असतो. रात्रीचे तास या हिशेबात नाहीत. बाहेरची मदतनीस ठेवली तर तिला दिवसाला ४०० रुपये द्यावे लागतील, तोच दर स्वतःला लावला तर दहा दिवसांचे ४,००० रुपये, म्हणजे बॉक्समागे ४० रुपये. सून म्हणाली, "पण आई, आपण आपल्यालाच कुठे मजुरी देतो?" प्रश्न साहजिक आहे, पण स्वतःची मजुरी वगळली तर जो नफा दिसतो तो बव्हंशी मजुरीच असते, आणि एखादीला ताप आला व बाहेरून माणूस घ्यावे लागले की तो नफा दिसेनासा होतो. पोहोचवण्याचे ५ रुपये धरून एकूण खर्च झाला २७४ रुपये.

आता नफा. दोघींना २० टक्के हवे आहेत. पण कशावर? सुनेने २७४ चे २० टक्के, म्हणजे सुमारे ५५ रुपये, खर्चात मिळवले आणि किंमत ३२९ काढली. विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांतून वीस हाती राहावेत, हा तिचा मूळ हेतू मात्र त्याने साधत नाही. ३२९ पैकी ५५ म्हणजे पावणेसतरा टक्क्यांहूनही किंचित कमी. विक्रीवर २० टक्के हवे असतील तर खर्च हा किमतीचा ८० टक्के भाग असला पाहिजे, म्हणून खर्चाला ०.८० ने भागावे लागते. २७४ भागिले ०.८० बरोबर ३४२ रुपये ५० पैसे. दोन रीतींतील फरक बॉक्समागे साडेतेरा रुपयांहून अधिक, आणि शंभर बॉक्सवर सुमारे १,३७० रुपये. पूर्णांक करून किंमत ३४५ रुपये ठरवणे योग्य.

खरी परीक्षा यापुढे येते. दुकानदार म्हणतो, "वहिनी, पन्नास बॉक्स घेतो, दहा टक्के कमी करा." किंमत ३२९ असती तर दहा टक्क्यांनी ती २९६ वर आली असती आणि ५५ रुपयांच्या नफ्यातले २२ उरले असते. दहा टक्के सूट किमतीवर दिसते, पण ती जाते नफ्यातून, आणि तेथे ती साठ टक्के असते. म्हणून सूट द्यायचीच तर ज्याने खर्च वाचतो तेवढीच द्यावी. सर्व बॉक्स दुकानदार स्वतः घेऊन जाणार असेल आणि रिबन नको असेल तर ५ आणि ५ मिळून दहा रुपये वाचतात. तेवढे आनंदाने सोडावेत.

दुकानदाराची मर्यादाच ३२० रुपये असेल तर काय करावे? किंमत कमी करण्याऐवजी बॉक्सची रचना बदलावी. कतल्या पंधराऐवजी दहा आणि वड्या सहाऐवजी आठ ठेवल्या तर वजन ५०० ग्रॅमच राहते आणि ५० ग्रॅममागे साडेसतरा रुपये वाचतात. जास्तीच्या वजनासह ते १८ होतात. खर्च २५६, भागिले ०.८०, बरोबर ३२०. नफ्याचे प्रमाण तेच राहते, आणि गिऱ्हाइकाला काय बदलले ते आधीच सांगितलेले असते.

याच मांडणीतून कोणत्या भावावर नजर ठेवायची तेही कळते. तूप किलोमागे ६० रुपयांनी महागले तर या बॉक्सचा खर्च अडीच-तीन रुपयांनी वाढतो, कारण २०० ग्रॅम लाडवांत तूप ४५ ग्रॅमच्या आतच असते. काजू किलोमागे १०० रुपयांनी महागले तर मात्र खर्च दहा रुपयांनी वाढतो. १५० ग्रॅम कतलीत १०० ग्रॅम काजूच असतात. म्हणून मागणी पक्की होताच आगाऊ रक्कम घेऊन पहिल्यांदा काजू भरून ठेवावेत.

एक मोह येथे सांगितला पाहिजे. रिकामा बॉक्स ७० ग्रॅमचा असतो. वजन बॉक्ससकट ५०० ग्रॅम केले तर प्रत्येकी सुमारे २७ रुपयांची मिठाई वाचते, म्हणजे ३४५ रुपयांच्या बॉक्समधील ७१ रुपयांच्या नफ्यात तिसऱ्या हिश्शाहून अधिक भर पडते. बाजारात हे सर्रास घडते, म्हणून ते चालते असे वाटू लागते. वजन-मापाच्या कायद्याप्रमाणे वेष्टनाचे वजन मालात धरता येत नाही. लेबलवर निव्वळ वजनच लिहावे लागते. श्रावकाला तर कायद्याच्याही आधी हे ठाऊक असते : कमी-अधिक मापाने देणेघेणे, हीनाधिकमानोन्मान, हा अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक आहे.

सुनेने तराजूवर रिकामा बॉक्स ठेवला, काटा शून्यावर आणला आणि मगच पहिला लाडू ठेवला. सासूबाईंनी वहीत तारखेखाली लिहिले : निव्वळ वजन ५१२ ग्रॅम, किंमत ३४५ रुपये.