मसल-अपची घाई कोपराला भोवते

दाराच्या चौकटीत बसणारा बार घरी आला, की पहिला मोह होतो मसल-अपचा. म्हणजे बारला लोंबकळून शरीर छातीपर्यंत ओढायचे, तिथून बारवर चढवायचे आणि हात सरळ करायचे. चौकटीत तो जमणारच नाही, वर डोक्याला जागाच नसते. त्यासाठी मोकळ्या जागेत पक्का रोवलेला बार हवा.

त्याआधी हातांवर उभे राहणे, म्हणजे हॅण्डस्टँड शिकणे शहाणपणाचे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या १९१४ पासूनच्या संस्थेत पाय धरायला कुणीतरी असते. घरी ते काम भिंतीने करायचे.

समजा, पिपरी मेघेतल्या एखाद्या तरुणाला सलग ५ पुलअप निघतात. त्याने आठवड्यातून पाच दिवस, ऊन चढण्याआधी, १५ मिनिटे हॅण्डस्टँडला द्यावीत. आधी मनगटे मोकळी करायची. मग पोट भिंतीकडे ठेवून पायांनी भिंत चढायची आणि २० सेकंद थांबायचे, असे पाच वेळा. ६० सेकंद सहज थांबता आले, की एकेक पाय भिंतीपासून सोडवून पाहायचा. तोल पाठीकडे जाऊ लागला, तर बोटांची टोके जमिनीत दाबायची. उलट पाय परतू लागले, तर भार तळव्याच्या मनगटाजवळच्या भागावर घ्यायचा. तोल बोटांत असतो, हे इथे कळते. पडताना एक हात उचलून पुढे टाकायचा आणि कुशीवर वळून पाय खाली आणायचे; हे पहिल्याच आठवड्यात शिकावे.

बारचे काम मात्र आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती ठेवून. तोल रोजच्या सरावाने येतो, पण कोपराचे स्नायुबंध स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात; रोज ओढले तर तेच आधी तक्रार करतात. या दोन दिवसांत झोका न घेता पुलअपच्या तिनेक खेपा आणि तेवढ्याच डिप्स. तीन आठवडे एकेक आवर्तन वाढवायचे, चौथ्यात खेपा निम्म्या करायच्या.

छाती बारला लागेल असे ८ ते १० पुलअप आणि १० खोल डिप्स निघेपर्यंत मसल-अपला हात घालू नये. यात काही महिने जातात. मग बार छातीच्या उंचीवर घेऊन, पाय जमिनीवर ठेवून, ओढण्यातून ढकलण्यात जाणारे वळण घोटायचे. पुढे उंच बारवर स्टुलाच्या आधाराने वर जाऊन तेच वळण सावकाश उतरायचे.

पाय झाडून वर जाणारे इथेच फसतात. एक कोपर आधी आणि दुसरे मागून वर येत असेल, तर ताकद कमी आहे आणि मागच्या खांद्यावर भलताच ताण पडतो आहे. कोपराच्या आतल्या बाजूची कळ दुसऱ्या सकाळीही टिकली, तर त्या आठवड्यात बारला हात लावायचा नाही. हॅण्डस्टँड चालू ठेवता येईल, मनगट दुखत नसेल तरच.