उंच मुलीची उंची थांबवावी का?

जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात बालरोग विभागाच्या बाहेर उंचीची तक्रार घेऊन बसलेले बहुतेक आईबाप मूल बुटके राहील म्हणून आलेले असतात. वर्षातून एखाद-दोनदाच उलटी तक्रार येते. बारा वर्षांची मुलगी आईच्या डोक्यावर गेलेली असते, वर्गात शेवटच्या बाकावर वाकून बसते, आणि आजी सोबत आलेली असते. आजीचा प्रश्न सरळ असतो: एवढ्या उंच पोरीला मुलगा कुठून आणायचा? एखादी गोळी, एखादे इंजेक्शन देऊन हिची वाढ थांबवता येत नाही का?

या प्रश्नाचे खरे उत्तर 'येते' असे आहे, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ पट्टा असतो. हाडाची लांबी तिथे वाढते. वयात येताना शरीरातले इस्ट्रोजेन हा पट्टा हळूहळू पिकवते, शेवटी त्याचे हाड होते आणि उंची थांबते. मुलग्यांमध्येही हे काम इस्ट्रोजेनच करते. त्यांच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. 1994 साली अमेरिकेतील एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. तो 204 सेंटिमीटर उंच होता आणि त्या वयातही त्याची वाढ सुरूच होती. मात्र इस्ट्रोजेनचा उंचीशी संबंध डॉक्टरांना त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होता, आणि त्यांनी तो वापरूनही पाहिला होता.

1950च्या दशकात अमेरिकेत आणि 1959पासून ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये उंच मुलींना इस्ट्रोजेनचे मोठे डोस देणे सुरू झाले. मुलगी पुढे साधारण 177 सेंटिमीटरच्या, म्हणजे पाच फूट दहा इंचांच्या वर जाईल असा अंदाज निघाला की तिला उपचाराचा सल्ला मिळे. कारणे ओळखीची वाटतील: नवरा मिळणार नाही, कपडे मिळणार नाहीत, नाचात किंवा हवाई सुंदरीच्या नोकरीत घेणार नाहीत. या मुली आजारी नव्हत्या. डोसाची कल्पना यावी म्हणून एवढेच पुरे की, आजच्या गर्भनिरोधक गोळीत साधारण 30 मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल असते. त्या मुलींना रोज 150 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त दिले जाई, तेही वर्ष-दोन वर्षे. अनेकींना त्याऐवजी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन मिळाले. गर्भारपणी ते घेतलेल्या आयांच्या मुलींमध्ये योनीचा एक दुर्मीळ कर्करोग दिसतो, हे 1971 साली उघड झाले.

तेव्हा मळमळ, वजन वाढणे, पायात गोळे येणे, क्वचित रक्ताची गुठळी होणे, एवढेच दुष्परिणाम मोजले जात. बारा वर्षांच्या मुलीला मूल होईल का, हे बाराव्या वर्षी मोजता येत नाही. त्यासाठी वीस वर्षे थांबावे लागते. त्या मुली मोठ्या झाल्या, त्यांच्यापैकी काहींनी एकत्र येऊन आमची तपासणी करा अशी मागणी लावून धरली, आणि 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये अभ्यास आला. तो चांगला अभ्यास होता, कारण त्याने उपचार घेतलेल्या उंच स्त्रियांची तुलना त्याच डॉक्टरांकडे गेलेल्या, पण उपचार न घेतलेल्या उंच स्त्रियांशी केली. उपचार घेतलेल्यांना कोणत्याही एका पाळीच्या चक्रात दिवस जाण्याची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघाली. पुढे नेदरलँड्समधल्या अभ्यासातही बीजकोष लवकर थकण्याची चिन्हे आणि डोस जास्त तितका धोका जास्त, असे दिसले. ज्या मुलींना लग्न जमावे म्हणून औषध दिले, त्यांच्यातल्या अनेकींना लग्नानंतर मूल होण्यासाठी झगडावे लागले.

ऑस्ट्रेलियातल्याच या स्त्रियांना आणखी एक प्रश्न विचारला गेला होता: तेव्हाचा निर्णय आज कसा वाटतो? उपचार न घेतलेल्यांपैकी 99 टक्के स्त्रिया 'बरे झाले, घेतला नाही' म्हणाल्या. घेतलेल्यांपैकी 42 टक्के नाराज होत्या. न घेतलेल्या स्त्रियाही उंचच राहिल्या होत्या, तरी त्यांना त्याची खंत नव्हती.

म्हणून आता हा विषय निघाला तर तज्ज्ञ गोळीऐवजी शस्त्रक्रियेबद्दल बोलतात. भूल देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंनी छोटे छेद घेतात आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या व नडगीच्या वरच्या टोकाचा वाढीचा पट्टा ड्रिलने खरवडून काढतात. पायाच्या वाढीचा सुमारे दोन तृतीयांश भाग गुडघ्याभोवती होतो, म्हणून जागा हीच. बीजकोषांना यात हात लागत नाही. पण धड, हात आणि पावले वाढतच राहतात. फायदा होतो तो उरलेल्या वाढीच्या साधारण एक तृतीयांश. पट्टा एका बाजूला बंद झाला आणि दुसऱ्या बाजूला उघडा राहिला तर पाय वाकडा होतो, एका पायाचा बंद झाला आणि दुसऱ्याचा नाही तर पाय लहान-मोठे होतात. म्हणून नंतरही वर्ष-दीड वर्ष एक्स-रे काढत राहावे लागते. गुडघा आखडतो तो वेगळाच. आणि खरवडलेला पट्टा परत येत नाही.

मुलग्यांना टेस्टोस्टेरॉनची मोठी इंजेक्शने देत. ती उशिरा सुरू झाली तर वाढीला उलट झटका मिळतो. त्याविषयी इतके पुरे. आपल्याकडे उंच मुलाला घेऊन कोणी येतच नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा चाळीसगावकडची बारा वर्षांची मुलगी आहे, उंची 166 सेंटिमीटर. वडील 186, आई 170. दोघांची बेरीज करून त्यातून 13 वजा केले आणि निम्मे केले की मुलीची घराण्यातून येणारी उंची मिळते: 171.5. त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ सेंटिमीटरचा पट्टा धरतात, म्हणजे 163 ते 180. मग डाव्या हाताचा मनगटासह एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. हा एक्स-रे जिल्हा रुग्णालयात सहज निघतो. हाडांचे वय बारा निघाले, तर तक्त्याप्रमाणे तिची 92.2 टक्के उंची झालेली आहे. 166ला त्याने भागले की अंतिम उंची 180 येते, म्हणजे जवळजवळ पाच फूट अकरा इंच. आजीची छाती धडधडणार.

पण तोच एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरने पाहिला आणि हाडांचे वय साडेबारा वाचले, तर? वाचण्यात सहा महिन्यांचा फरक ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा तक्ता म्हणतो 94.1 टक्के उंची झाली, आणि अंतिम उंची येते 176. एका हाताच्या एका फोटोवरून साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडला. शस्त्रक्रियेचा फायदा काढा: पहिल्या वाचनाप्रमाणे 14 सेंटिमीटर वाढ उरली आहे, तिचा तिसरा हिस्सा साडेचारच्या आसपास. म्हणजे उपचाराने जे कमी होणार, ते जवळजवळ अंदाजाच्या चुकीएवढेच. आणि 180 ऐवजी 175 झाली तरी आजीच्या पाहण्यातल्या बहुतेक मुलांपेक्षा ती उंचच असणार. लग्नाच्या गणितात या पाच सेंटिमीटरने काही बदलत नाही.

थांबून पुन्हा मोजावे, हा सल्ला बरोबर आहे, पण तो फुकट मिळत नाही. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर हाडांचे वय साडेबाराच्या आत हवे. थांबण्यात ती वेळ निघून जाते. नेदरलँड्ससारख्या उंच माणसांच्या देशातही मुलीचा अंदाज 185 आणि मुलाचा 205 सेंटिमीटरच्या वर गेला तरच हा मार्ग विचारात घेतात. त्या आकड्यांच्या वरच्या एखाद्या मुलीला पाठीचा, बाकाचा, बसच्या सीटचा खरा त्रास असतो, आणि तिने स्वतः समजून मागितले तर शस्त्रक्रिया नाकारणे हाही अन्याय ठरेल. खानदेशात सरासरी उंची कमी, म्हणून आपली रेषाही खाली आणावी, असे काही जण म्हणतात. हे पटत नाही. मग तीच मुलगी जळगावात रुग्ण आणि ॲमस्टरडॅममध्ये निरोगी ठरेल. पुण्याचे शरद आणि संजोत कुलकर्णी, एक सात फुटांच्या वर आणि दुसऱ्या सहा फुटांच्या वर, देशातले सर्वांत उंच जोडपे म्हणून लिम्का बुकात नोंदले गेले. लग्न करून त्यांनी संसार केला आणि उंच मुली वाढवल्या.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, आणि ती सरकारी रुग्णालयात सहज होण्यासारखी आहे. उंच मूल दिसले की आधी विचारायचे ते 'का' हे. मुलीचा अंदाज घराण्याच्या पट्ट्याच्या बराच वर गेला, बोटे लांब आणि सांधे सैल असले, छाती आत दबलेली असली, चष्म्याचा नंबर जास्त असला, दोन्ही हात पसरल्यावर त्यांची लांबी उंचीपेक्षा जास्त भरली, तर मार्फान सिंड्रोमचा संशय घ्यायला हवा. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी फुगत जाते आणि तरुणपणी फाटू शकते. अशा मुलीची उंची कमी करण्याची चर्चा करत बसलो आणि हृदयाचा इको करायचा राहिला, तर जीव जाईल. पायांच्या मानाने वृषण लहान राहिलेला उंच मुलगा असेल तर गुणसूत्रांची तपासणी लागते. अचानक वेगाने वाढणारे, डोके दुखणारे मूल असेल तर पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय लागतो. सहा-सात वर्षांची मुलगी वयाआधीच वयात येत असेल तर ती आज वर्गात उंच दिसते, पण तिचे पट्टे लवकर बंद होऊन शेवटी ती बुटकी राहते. तिला उपचार हवा तो नेमका उलटा.

या कारणांपैकी काही निघाले नाही, तर बाकी गोष्ट संभाषणाची उरते. ते संभाषण मुलीशी, आजी बाहेर बसलेली असताना करावे. तिला किती उंच व्हायचे आहे, हा प्रश्न अनेकदा तोवर कोणी विचारलेलाच नसतो. पहिल्यांदा विचारला की बहुतेक मुली आधी खाली पाहतात, मग सांगतात की त्यांना व्हॉलीबॉलच्या संघात घेतले आहे, किंवा वर्गातली पोरे 'उंट' म्हणतात आणि शाळेत जायला नको वाटते. दुसऱ्या तक्रारीला गुडघ्याची शस्त्रक्रिया हे उत्तर नाही. त्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहावे लागते. पुढचे मोजमाप सहा महिन्यांनी, त्याच भिंतीवरच्या त्याच पट्टीवर, चप्पल काढून, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. संध्याकाळपर्यंत माणूस सकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर कमी भरतो.