ब्रेक दाबला की बॅटरी भरते. पण नांदेड-लातूर रस्त्यावर किती?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलात की एक वाक्य हमखास कानावर पडते, ‘ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते.’ ते खोटे नाही. मात्र ते ऐकून नांदेडहून लातूरला निघणारा माणूस वाटेत बॅटरी बरीच भरेल, असा हिशेब करत असेल तर तो हिशेब चुकतो. हे तंत्र कुठे कमावते आणि कुठे नाही, हे गाडी घेण्याआधीच समजून घ्यायला हवे.

डायनॅमोचीच करामत

जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. तो टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण पायडल जड व्हायचे. वीज तयार होते तेव्हा फिरणाऱ्या चाकाला विरोध होतो. रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणजे हाच विरोध ब्रेक म्हणून वापरणे.

इलेक्ट्रिक गाडीत वेगळा डायनॅमो नसतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक हलका दाबला की चाके मोटरला फिरवू लागतात आणि मोटरच जनित्र बनते. तिच्यातून आलेला प्रवाह इन्व्हर्टर बॅटरीला चालेल असा करून देतो. साध्या गाडीत ब्रेक पॅड आणि डिस्क घासून जी ऊर्जा उष्णता बनून वाया जाते, तिचा काही भाग इथे परत मिळतो.

सगळी ऊर्जा मात्र परत येत नाही. गाडी मंदावत असताना काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली ऊर्जा मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी अशी आत जाते आणि पुन्हा त्याच वाटेने चाकापर्यंत येते. प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते. ढोबळमानाने १०० पैकी ६० ते ७० भागच पुन्हा कामी येतो.

शहरात फायदा, महामार्गावर चिल्लर

माणसांसह १७०० किलो वजनाची कार धरू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात सुमारे ०.०२४ युनिट ऊर्जा साठलेली असते. हे युनिट म्हणजे घरच्या वीजबिलातलेच. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ झाला की ही ऊर्जा चौपट होते, तरीही ती युनिटच्या दहाव्या भागाहून कमीच असते. ब्रेक लावून मिळवायचे ते याच साठ्यातून.

आता नांदेडमध्ये आयटीआय चौक, वजिराबाद अशा गर्दीतून पाच किलोमीटर जाताना गाडी दहा वेळा थांबली असे समजा. दर वेळी ६० टक्के ऊर्जा परत मिळाली तर एकूण ०.१४ युनिट हाती येतात. या पाच किलोमीटरला परतावा नसता तर पाऊण युनिटच्या आसपास वीज लागली असती. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा वाचला. लातूरच्या गांधी चौकातही हिशेब असाच लागेल.

तीच गाडी राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघाली की चित्र पालटते. अंतर साधारण १४० किलोमीटर. १०० किलोमीटरला १५ युनिट धरले तर २१ युनिट लागतील. वाटेतल्या गावांत दहा वेळा वेग ७२ वरून ३६ वर आणला, तर परत मिळतील जेमतेम ०.४ ते ०.४५ युनिट. हे झाले दोन टक्के, म्हणजे तीनेक किलोमीटरची सोय. महामार्गावर वीज खातो तो हवेचा आणि टायरचा विरोध. तिथे खर्च झालेली ऊर्जा कोणताही ब्रेक परत आणू शकत नाही.

उताराचा गैरसमज

लातूर बालाघाटच्या पठारावर सुमारे ६३६ मीटर उंचीवर आहे, तर गोदाकाठचे नांदेड सुमारे ३६२ मीटरवर. म्हणून लातूरहून परतताना बॅटरी भरत जाईल, असे वाटू शकते. या पावणेतीनशे मीटर उतरणीत आपल्या कारला मिळणारी ऊर्जा सव्वा युनिटच्या आसपास आहे. शिवाय हा उतार १४० किलोमीटरवर पसरला आहे. सरासरी काढली तर किलोमीटरला दोनच मीटर. एवढ्या मंद उतारावर वेग टिकवायला मोटरला बहुतेक वेळ जोर लावावाच लागतो, फक्त थोडा कमी. ब्रेकची गरजच पडत नाही, मग ब्रेकची वीज कुठून येणार? येताना रेंज जास्त मिळते, कारण खर्च कमी होतो. जाताना चढापायी तेवढीच वीज जादा लागते, हे विसरून चार्जिंगचा बेत आखू नये.

ब्रेक कधी हलका लागतो?

यापुढचा मुद्दा सुरक्षेचा आहे. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर आलेली वीज ठेवायला जागा नसते. मग यंत्रणा मोटरचा ब्रेक कमी करते किंवा पूर्ण बंद ठेवते. बॅटरी फार गार किंवा फार तापलेली असली तरी असेच होते. रोज अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गाडी मंदावण्याची सवय असलेल्या चालकाला, फुल चार्ज करून निघाल्यावर पहिल्या चौकात गाडी पुढे सरकल्यासारखी वाटते. ब्रेक निकामी झालेला नसतो, पाय ब्रेकवर लवकर न्यायचा असतो. अनेक गाड्यांच्या स्क्रीनवर त्या वेळी रिजन मर्यादित असल्याची सूचना येते.

अचानक ट्रॅक्टर आडवा आला आणि ७२ च्या वेगातली कार तीन सेकंदांत थांबवायची असेल, तर सरासरी ११० किलोवॅटच्या दराने ऊर्जा काढून घ्यावी लागते. सर्वसाधारण कारची बॅटरी एवढ्या वेगाने वीज आत घेऊ शकत नाही. तिथे डिस्क आणि पॅडच धावून येतात. वेग अगदी कमी झाल्यावरही मोटरचा ब्रेक क्षीण होतो. म्हणूनच ‘इलेक्ट्रिक गाडीला ब्रेकचा खर्च नाही’ म्हणणाऱ्यांवर विसंबू नका. पॅड कमी झिजतात हे खरे, पण क्वचित वापरल्या जाणाऱ्या डिस्कवर पावसाळ्यात गंज धरतो. तपासणी वेळेवर हवीच.

मग करायचे काय?

शहरात रिजनची पातळी जास्त ठेवा. महामार्गावर ती कमी ठेवून समोरची गर्दी दिसताच पाय सोडा आणि गाडीला आपल्या वेगात धावू द्या. ऊर्जा बॅटरीत नेऊन परत आणण्यात तिसरा हिस्सा जातो, ती चाकातच राहिली तर ही गळती टळते. खरी परीक्षा ट्रिप मीटरवर होते. आठवडाभर शहरातला आणि एकदा नांदेड-लातूरचा १०० किलोमीटरमागचा वापर नोंदवून ठेवा.

कंपन्यांकडूनही थोडा सरळपणा अपेक्षित आहे. जाहिरातीतली प्रमाणित रेंज ज्या भारतीय चाचणी-चक्रावर ठरते, त्यात कमाल वेग ताशी ९० आहे आणि थांबणे-निघणे वारंवार आहे. रिजनरेटिव्ह ब्रेकिंगला हेच मानवते. मराठवाड्यात दोन शहरांमध्ये सव्वाशे-दीडशे किलोमीटरचे अंतर असते आणि बहुतेक प्रवास एकसारख्या वेगाने होतो. त्यामुळे शहरातली आणि महामार्गावरची रेंज असे दोन वेगळे आकडे गाडीच्या किमतीइतक्याच ठळकपणे छापले पाहिजेत. ते छापले जात नाहीत तोवर शोरूममध्ये एक प्रश्न विचाराच, ‘सलग ताशी ८० ने चालवली, एसी सुरू ठेवला, तर किती जाईल?’ ब्रेकच्या विजेचे कौतुक त्या उत्तरानंतर ऐकावे.