तीस सेकंदांत मराठी किती मावते?



शनिवारच्या मराठी शाळेची जाहिरात येथील स्थानिक रेडिओवर द्यावी, असे ठरले आणि संहिता लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. वेळ तीस सेकंदांचा. इंग्रजी जाहिरातीत तेवढ्या वेळात साधारण ७५ शब्द बसतात, हा हिशेब आम्हांस ठाऊक होता. म्हणून आम्ही ७२ शब्दांची मराठी संहिता मोठ्या समाधानाने लिहिली. आमच्या निवेदिका ताईंनी ती शांतपणे वाचली, आणि शेवटी दूरध्वनी क्रमांक सांगून होईपर्यंत घड्याळात ५० सेकंद झाले होते.

चूक ताईंची नव्हती. इंग्रजीत जे चार-पाच सुटे शब्द असतात, ते मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये घेऊन एकाच शब्दात सामावतात. त्यामुळे मराठीत शब्द मोजून वेळ कळत नाही; उच्चाराचे ठोके मोजावे लागतात. ठोका म्हणजे बोलताना ऐकू येणारा एकेक अवयव. 'घर' लिहिताना दोन अक्षरे, पण बोलताना एकच ठोका; 'सकाळी' म्हणताना तीन. म्हणून कागदावरची अक्षरे मोजू नयेत. मोठ्याने म्हणत प्रत्येक अवयवाला बोटाने टेबलावर टिचकी मारावी.

फरक किती पडतो, हे आमच्याच संहितेतून दाखवतो. 'मराठी घरात बोलली जाते, पण मुलांना वाचता येते का?' या वाक्यात नऊ शब्द आणि १८ ठोके आहेत. त्याच संहितेत 'अनुभवी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी मराठीच्या अध्यापनाची व्यवस्था' असा एक तुकडा होता. तेथेही नऊच शब्द, पण ठोके ३९! आमंत्रणपत्रिकेची ही भाषा आपल्या हाडीमाशी इतकी मुरलेली आहे, की लिहिताना तिचे वजन जाणवतच नाही.

मग ताईंचा स्वतःचा वेग काढला. एक साधा परिच्छेद त्यांना फोनवर मावशीला सांगावा तसा वाचायला लावला. विराम वगळून २० सेकंदांच्या बोलण्यात १०२ ठोके भरले, म्हणजे सेकंदाला सुमारे पाच. हा आकडा प्रत्येक वाचकाचा वेगळा निघतो. म्हणून जो वाचणार, त्याचाच घ्यावा.

आता तीस सेकंदांचा जमाखर्च मांडला. आरंभीच्या सुरावटीला एक सेकंद, शेवटच्या संगीताला दोन. आवाजासाठी उरले २७. येथील दूरध्वनी क्रमांक अकरा आकडी. ऐकणाऱ्याला तो लिहून घेता यावा म्हणून तीन गटांत सावकाश सांगायचा, तर पाच सेकंद जातात. वाक्यांमधल्या पाच विरामांना अर्धा-अर्धा सेकंद धरला, की अडीच सेकंद गेले. उरले साडेएकोणीस सेकंद, म्हणजे सुमारे ९७ ठोके. आपल्या साध्या बोलीत शब्दाला सरासरी अडीचच्या आसपास ठोके पडतात. तेव्हा क्रमांक सोडून जेमतेम चाळीस शब्द बसतात. क्रमांक नसता तर पन्नासापर्यंत गेलो असतो.

आकडे आणि संक्षेप येथे फार फसवतात. कागदावर '१९५६' ही एकच आकृती, पण 'एकोणीसशे छप्पन्न' म्हणताना सहा ठोके होतात. 'डॉ.' हेही तोंडात 'डॉक्टर' होऊनच येते. म्हणून मोजण्यापूर्वी सारे आकडे अक्षरी लिहून काढावेत.

'जरा भरभर वाचले तर?' असे एका कार्यकर्त्याने विचारले. तेही करून पाहिले. घाई झाली की मराठीत प्रथम शब्दांचे शेवट गिळले जातात: 'मुलांसाठी' मधला 'ठी' पुसट होतो, 'भ' आणि 'घ' यांचा श्वास उडून त्यांचे 'ब' आणि 'ग' ऐकू येतात. विरामांतले श्वास कापून ध्वनिमुद्रकाला एखादा सेकंद वाचवता येतो, पण दहा सेकंदांची उधारी त्यातून फिटत नाही. मजकूरच कमी करावा लागतो.

आम्ही सर्वांगीण विकास काढला, अध्यापनाची व्यवस्थाही काढली. दिवस, वेळ, वयोगट, पहिला तास आणि क्रमांक ठेवले. नव्या संहितेत चाळीस शब्द राहिले. ताईंनी वाचली, तर साडेसत्तावीस सेकंद! अर्धा सेकंद अजून जास्तच. मग 'विनामूल्य' च्या जागी 'मोफत' आणि 'महिनाअखेरपर्यंत' च्या जागी 'तीस तारखेपर्यंत' घातले. दोन्ही मिळून चार ठोके उतरले. पुढचे वाचन सत्तावीस सेकंदांच्या आत बसले, आणि ताईंना कोठेही धाप लागली नाही.