सर्व्हिस चार्ज काढायला लावा, टीप कामगाराच्या हाती पोहोचवा

विश्रामबागकरांनो, आज रात्री घरच्यांना घेऊन जेवायला बाहेर पडणार असाल, तर एक विनंती आहे. बिल आले की नुसती शेवटची रक्कम पाहून पैसे देऊ नका. मधल्या ओळी वाचा. तिथे ‘सर्व्हिस चार्ज’ किंवा ‘स्टाफ वेल्फेअर’ अशी ओळ दिसली, तर ती काढून नवे बिल द्यायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी स्पष्ट सांगितले की, हॉटेलने हा आकार परस्पर बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही आणि तो न देणाऱ्याला आत येण्यापासून अडवायचे नाही. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि प्रत्येकीला एक लाख रुपये खर्च भरायला लावला. त्यावर संघटनांनी पुढे अपील केले आहे.

आता हिशेब पाहा. सहा जणांचे जेवण दोन हजार रुपयांचे झाले. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला की 2,200 होतात आणि पाच टक्के जीएसटी या 2,200 वर बसतो, म्हणजे 110 रुपये. एकूण बिल 2,310. चार्ज नसता, तर जीएसटी शंभर रुपये आणि बिल 2,100. तेच दोनशे रुपये तुम्ही खुशीने वेटरच्या हातात ठेवले असते, तर खर्च 2,300 झाला असता. आपखुशीच्या टीपेवर जीएसटी नाही. दहा रुपयांचा फरक किरकोळ आहे. मोठा फरक त्या दोनशे रुपयांचा आहे. बिलात छापलेले दोनशे रुपये मालकाच्या उलाढालीत जमा होतात. त्यातले किती वेटरपर्यंत, किती आत तव्यापुढे उभ्या असलेल्या वस्तादापर्यंत गेले, हे विचारण्याची सोय तुम्हाला नाही आणि बहुतेकदा त्यांनाही नाही.

हल्ली आणखी एक अडचण आहे. खिशात सुटे नसतात, म्हणून आपण क्यूआर कोडवरच बिलासोबत पन्नास-शंभर जास्त पाठवतो. ते पैसे मालकाच्या खात्यात जातात. अशा टीपेचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे 2016 मध्ये आला होता. ग्राहकाने कार्डाने दिलेली टीप हॉटेलने गोळा करून कामगारांना वाटली, तर ती मालकाने दिलेला पगार ठरत नाही, त्यामुळे त्यातून पगारासारखा टीडीएस कापायचा नाही. ते पैसे मालकाकडे कामगारांसाठी विश्वासाने ठेवलेले असतात, असा निकाल लागला. टीप हे कामगाराचे इतर उत्पन्न धरले जाते, पण नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने वेटरला त्याची झळ सहसा बसत नाही. कामगारांनो, ‘टॅक्स भरावा लागतो’ म्हणून टीप कापून घेणाऱ्या मालकाचे ऐकू नका. टीप मिळते म्हणून पगार कमी, हेही चालवून घेऊ नका.

हॉटेलमालकांनो, तुमच्याकडेही मागणे आहे. टीप कशी वाटावी याचा खास कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024 पासून तो लागू झाला. तिथे टीप पूर्ण वाटावी लागते आणि तिची नोंद ठेवावी लागते. आपण कायद्याची वाट का पाहायची? गल्ल्याशेजारी वेगळा डबा ठेवा, क्यूआरवर आलेली टीप वेगळ्या वहीत लिहा आणि वाटपाची पद्धत स्वयंपाकघरात भिंतीवर लावा. समजा, दिवसाचे दीड हजार जमले. तीन वेटरना प्रत्येकी तीन गुण, वस्ताद आणि त्याच्या मदतनिसाला दोन-दोन, भांडी घासणाऱ्याला आणि सफाईवालीला एकेक. पंधरा गुण झाले, गुणाला शंभर रुपये. वेटरला तीनशे, आतल्या दोघांना दोनशे-दोनशे, मोरीपाशी दिवसभर ओल्यात उभे राहणाऱ्यांना शंभर-शंभर. गुण किती हे कामगारांनाच बसून ठरवू द्या. अर्धा दिवस आला, त्याला अर्धे गुण. मालक आणि मॅनेजर यांचा वाटा शून्य, याबाबत मात्र तडजोड नको.

ग्राहकांनो, टीप देताना एकच प्रश्न मोकळेपणाने विचारा: ‘दादा, हे सगळ्यांत वाटले जाते का?’ उत्तर अडखळत आले, तर रोखच द्या. आणि सर्व्हिस चार्ज काढायला नकार मिळाला, तर हुज्जत घालू नका, वेटरवर तर मुळीच चिडू नका. तो आकार त्याने लावलेला नाही. बिल भरून त्याचा फोटो घ्या आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आपल्या विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातही लेखी तक्रार देता येते. अर्जात हॉटेलचे नाव, तारीख, बिल क्रमांक आणि आकाराची रक्कम लिहा, बिलाची प्रत जोडा आणि अर्जाची पोच घ्या.