थकबाकी गोवराची

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या रफीनगरात गोवरसदृश आजाराने तीन मुले दोन दिवसांत दगावली. त्यावेळी आपल्याकडेही "लस घेतलेल्यांनाही गोवर झाला, मग लस कसली?" असा सूर उमटला. या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

समजा, हळर्णसारख्या गावात वर्षाला शंभर मुले जन्मतात आणि त्यांतील ९५ जणांना नवव्या महिन्यात पहिला डोस मिळतो. या वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात उरलेली असते, म्हणून तो डोस शंभरांतील सुमारे ८५ मुलांनाच लागू पडतो. म्हणजे ९५ पैकी १४ मुले लस घेऊनही उघडी राहिली आणि न घेतलेली पाच. साथ येऊन ही सगळी आजारी पडली, तर १९ रुग्णांत १४ लस घेतलेले दिसतील! पण लस घेतलेल्यांत शंभरी पंधरा आजारी आणि न घेतलेल्यांत शंभरी शंभर, हे कोणी बघत नाही.

ही १९ ची शिल्लक दरवर्षी पुढे ओढली जाते. पाच वर्षांत ती ९५ वर पोचते, म्हणजे जवळजवळ एका वर्षाची सगळी मुले. गोवराला एवढे पुरते. १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस हीच थकबाकी वसूल करतो, आणि नेमका तोच चुकतो. कोविडच्या काळात देशभर अनेक मुलांचे डोस राहिले, त्याचा परिणाम २०२२ मध्ये दिसला.

पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि उठल्यानंतर चार दिवस मूल गोवर पसरवते. म्हणजे देवीचा कोप म्हणून मूल घरात ठेवण्याआधीच शेजारी लागण झालेली असते. मृत्यू बहुधा नंतरच्या न्यूमोनियाने आणि जुलाबाने येतो. म्हणून धाप लागली, मूल दूध घेईना वा सुस्त पडले, तर तडक इस्पितळ गाठावे. जीवनसत्त्व अ चे डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात. संपर्कात आलेल्या मुलाला तीन दिवसांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो.

मुंबईत पालिकेने घरोघरी यादी केली. केंद्राने नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस देण्यास सांगितले. जिथे नऊ महिन्यांखालील रुग्ण एकूण रुग्णांच्या दहा टक्क्यांहून अधिक होते, तिथे सहा महिन्यांपासूनच्या बालकांनाही एक डोस द्यायचा होता. मात्र तो हिशेबात धरायचा नव्हता. पुढचे दोन्ही डोस घ्यायचेच होते.

पेडण्यात आज बांधकामावरच्या मजुरांची पोरे आहेत. साथ त्यांच्याकडून येते म्हणून बोट दाखवणे आम्हांस मान्य नाही. जुन्या घरांतल्या मुलांचा दुसरा डोस झाला आहे का, हे कितीजणांनी पाहिले? आमची मागणी एवढीच, की पहिला डोस घेतलेले किती व दुसरा घेतलेले किती, हे आरोग्य केंद्राने प्रभागवार फलकावर लावावे आणि पंचायतीने ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. मजुरांच्या वसाहतीही त्या यादीत असाव्यात.