विश्लेषण : माणसाचे ‘काम’ नेमके काय? अ‍ॅरिस्टॉटलचा युक्तिवाद कुठे अडतो?

पनवेल परिसरात ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांत एकाच पिढीत बदलले. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावे हलली. समजा, यातला एक जण आधी भातशेती करायचा, मग डंपर चालवू लागला आणि आता खोल्या भाड्याने देतो. मग शेती सुटली तेव्हा त्याच्या जगण्याचा हेतूच संपला का? माणसाचे असे एक ठरलेले काम असते का, हा वाद सुमारे २३०० वर्षांचा आहे.

अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे काय?

‘निकोमॅकियन एथिक्स’च्या पहिल्या भागात अ‍ॅरिस्टॉटल विचारतो, की चांगले जगणे म्हणजे काय? तो ‘एर्गॉन’ हा शब्द वापरतो. एर्गॉन म्हणजे एखाद्या गोष्टीचे खास कार्य. बासरीवादक चांगला की वाईट, हे त्याच्या वादनावरून ठरते. सुताराला काम आहे, चपला शिवणाऱ्याला आहे, डोळ्याला आणि हातापायालाही आहे. मग माणसालाच माणूस म्हणून काही काम नसेल का?

उत्तर तो वजाबाकीने काढतो. वाढणे, पोसणे हे झाडेही करतात. पाहणे, ऐकणे प्राण्यांनाही येते. उरते ते विवेकाने वागणे. म्हणून विवेकाने आणि उत्तम रीतीने, तेही आयुष्यभर वागत राहणे, हे त्याच्या मते माणसाचे भले.

आक्षेप कुठे येतो?

पहिली अडचण उदाहरणांतच आहे. सुरीचे काम ती वापरणारा ठरवतो आणि डोळ्याचे काम शरीराच्या गरजेतून कळते. माणूस मात्र कुणाचे अवजार नाही, कुणाचा अवयवही नाही. शिवाय सुरीला धार असण्यात भले कापणाऱ्याचे होते, सुरीचे नाही. त्यामुळे ‘चांगला नमुना’ असणे आणि ‘स्वतःचे भले होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

दुसरी अडचण वजाबाकीची. फक्त माणसालाच जमते अशी यादी केली तर त्यात स्वयंपाक येतो, विनोद येतो आणि सराईत फसवणूकही येते. यातला विवेकच का निवडायचा? खुद्द अ‍ॅरिस्टॉटलही शेवटच्या, दहाव्या भागात निव्वळ चिंतनाच्या आयुष्याला सर्वोच्च ठरवतो. आधी मात्र त्याने शौर्य, न्याय, औदार्य यांवर पानेच्या पाने लिहिली आहेत. मग ‘एकच काम’ कोणते, यावर अभ्यासक आजही भांडतात.

मराठी वाचकाला हे जवळचे का?

सुतार आणि चर्मकार ही आपल्याकडे नुसती कामांची नावे राहिली नाहीत, जातींची झाली. कामावरून माणूस ओळखायची सवय पुढे माणसावरच काम लादते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच दाखवले. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, असे त्यांनी मांडले.

त्याच लेखनात ते अ‍ॅरिस्टॉटलचा गुरू प्लेटो याच्याकडेही वळतात. प्लेटोने माणसांचे स्वभावानुसार तीन वर्ग केले होते : कष्टकरी-व्यापारी, रक्षक आणि राज्यकर्ते. आंबेडकरांचा आक्षेप असा, की प्रत्येक माणूस वेगळा असतो आणि त्याच्यात अनेक प्रवृत्ती असतात, त्यामुळे मोजक्या कप्प्यांत माणसे बसतच नाहीत.

मग युक्तिवाद टाकून द्यायचा?

मला वाटते, नाही. प्लेटो माणसांना वेगवेगळी कामे वाटतो, तर अ‍ॅरिस्टॉटलचा हा युक्तिवाद सर्व माणसांचे एकच कार्य सांगतो आणि ते धंद्याच्या पातळीवरचे नाही. विवेकाने वागणे भातशेतीतही होते, डंपर चालवतानाही होते आणि भाडेकरूशी व्यवहार करतानाही. त्या अर्थाने आपल्या शेतकऱ्याचे माणूस म्हणून असलेले कार्य जमिनीबरोबर गेले नाही.

पण याची किंमतही मान्य करावी लागते. ‘विवेकाने वागा’ एवढ्यावरून शेती सुटल्यावर काय करावे हे कळत नाही. ते ज्याचे त्याने शोधायचे. शिवाय विवेक ही मोजपट्टी झाली, की ‘तो कुणाकडे कमी’ हे ठरवणारेही पुढे येतात. अ‍ॅरिस्टॉटलनेच काही माणसे स्वभावतः गुलाम असतात, असे ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहिले.

म्हणून कुणी ‘तुझे काम हेच’ म्हणाले, तर एक प्रश्न विचारावा : यात भले कुणाचे, करणाऱ्याचे की सांगणाऱ्याचे? उत्तर सांगणाऱ्याकडे झुकत असेल, तर समोरच्याने माणसाची सुरी केली आहे.